लोड न लावता केलेली टेस्ट

मला आजही 'सगळं ठीक आहे' असं लिहिलेला टेस्टचा कागद दिसला की तळपायाची आग मस्तकात जाते. ठीक म्हणजे कसं ठीक? कुणाला जोडून बघितलं? की नुसतं टेबलावर ठेवून, मीटरची दोन टोकं टेकवून, सही ठोकून मोकळे? हा प्रश्न मी माणसांना इतक्यांदा विचारलाय की माझ्या पाठीमागे नकला होतात. होऊ देत. मला हा प्रश्न कुठून लागला ते त्यांना माहीत नाही.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आम्ही दिल्लीत मयूर विहारला राहायचो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, घर सोसायटीतलं, वर पाण्याची टाकी आणि खाली चार मराठी कुटुंबं. त्यातलेच एक काका वडिलांचे जुने मित्र. सरकारी प्रयोगशाळेतली नोकरी सोडून ते नोएडाच्या एका कारखान्यात मुख्य इंजिनियर झाले होते. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून घरी बसले होते, तर त्यांनीच मला तिथे टेस्टिंगला लावलं. घरी 'काका', कारखान्यात 'सर'. सकाळी चार्टर्ड बसमध्ये ते पुढच्या सीटवर, मी मागे. आई रोज डबा हातात देताना एकच वाक्य म्हणायची, "त्यांच्यामुळे लागलीय नोकरी, तोंड सांभाळ."

कारखाना म्हणजे सेक्टरातली दोन मजली इमारत. आम्ही भट्टीचं तापमान दाखवणारे सेट बनवायचो. भट्टीतून बारीकसा सिग्नल येतो, तो आधी मोठा करायचा, मग गाळायचा, मग रेकॉर्डरला द्यायचा. रेकॉर्डर म्हणजे सरकत्या कागदावर पेनाने रेघ ओढणारं यंत्र. गाळायचा एवढ्यासाठी की भट्टीजवळच्या जाड केबल्समुळे सिग्नलमध्ये विजेची थरथर मिसळते, सेकंदाला पन्नास वेळा. तापमान काही असं थरथरत नाही, ते सावकाश बदलतं. म्हणून सावकाश ते जाऊ द्यायचं, भरभर ते अडवायचं. त्यासाठी फक्त दोन वस्तू: एक दहा हजार ओहमचा रेझिस्टर वाटेत, आणि त्याच्या पलीकडे जमिनीकडे उतरणारा दहा मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. गणित केलं की कटऑफ येतो सेकंदाला सुमारे एक पूर्णांक सहा. त्याच्या खालचं बहुतेक सगळं जातं, वरचं पडत जातं. पन्नासची थरथर तिसाव्या हिश्शावर येते. डिझाइन सरांचं. त्यांना त्याचा फार अभिमान होता.

सोल्डरिंगच्या लाइनवर अकरा बायका. त्यातली सगळ्यात जुनी, सगळे जिला भाभी म्हणायचे, ती बुलंदशहराकडची. सेक्टरांच्या मधोमध अडकलेल्या गावात एका खोलीत राहायची. चाळिशीची असेल. तिचा टाका असा की भिंगाखाली बघितला तरी चकचकीत. कपॅसिटर सगळे तीच लावायची, कारण कपॅसिटरला उष्णता सोसत नाही, आणि भाभीचा हात झटपट. ती मला 'आप' म्हणायची. मी तिला 'तुम' म्हणायची, ती माझ्या आईच्या वयाला पोचत आली होती तरी. हे मला तेव्हा जरासुद्धा खटकलं नाही. आता खटकतं, पण आता खटकून कोणाचं काय भलं होणार?

आणि मग बाहेरचा माल यायला लागला. आधी परदेशी रेकॉर्डर म्हणजे लायसन्ससाठी वर्षभर खेटे. आता फोन करा, खोकं दारात. मालकाने ठरवलं, आपला जुना देशी रेकॉर्डर बंद, नवीन सेटबरोबर परदेशी द्यायचा. दिसायला काय देखणा! राखाडी, गुळगुळीत, काचेचं दार. खोकी आयातदाराकडून थेट गिऱ्हाईकाकडे जायची. आमच्याकडे फक्त एक नमुना आला, तो सरांनी आपल्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात ठेवला, प्लास्टिकचं कव्हर घालून. कोणी हात लावायचा नाही. पाहुणे आले की कव्हर निघायचं.

ज्या दिवशी तो नमुना आला, त्या दिवशी भाभी केबिनच्या काचेतून बघत उभी होती. मी फरिदाबादला जाणारे सहा सेट टेस्ट करत होते. ती टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, ये नई मशीन के साथ जोड़कर देखा क्या? मीटर में तो सब अच्छा ही दिखता है."

मी मान वर न करता म्हटलं, "भाभी, तुम सोल्डर करो ना. टेस्टिंग मुझे करने दो."

ती गेली. मी सहा कागदांवर सह्या केल्या. टेस्टची पद्धत मीच लिहिलेली होती: मीटर जोडा, रीडिंग घ्या, कटऑफ मोजा, सही. आमचं मीटर इतक्या प्रचंड रेझिस्टन्सचं की ते फिल्टरमधून जवळपास काहीच ओढत नाही. म्हणजे फिल्टरला वाटायचं, पुढे कोणीच नाही. रिकाम्या घरात वागतो तसा तो शहाण्यासारखा वागायचा.

तीन आठवड्यांनी फरिदाबादहून तक्रार आली. तापमान कमी दाखवतंय, आणि पेन थरथरतंय. सर स्वतः गेले. जाताना ते नेहमीच्या ऐटीत म्हणाले, "बघतो, दोन मिनिटांचं काम." तिथे त्यांनी जे केलं ते आधी सांगते, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. सहाही सेटांवर रीडिंग निम्मं येत होतं. सरांनी पहिल्या झटक्यात स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा तो आकडा, दुप्पट केला. रीडिंग जागेवर आलं. मग पेन आणखीच थरथरायला लागलं. मग त्यांनी फिल्टरचा कटऑफ मोजला, रेकॉर्डर जोडलेला ठेवून. आला तीन पूर्णांक दोन. दुप्पट!

आता बघा यांचं डोकं. कटऑफ दुप्पट झाला, म्हणजे कपॅसिटर निम्मा झाला. कपॅसिटर निम्मा का झाला? तर लावणारीने सोल्डरिंगची तापलेली कांडी जास्त वेळ टेकवली, आतून सुकला. कपॅसिटर कोण लावतं? भाभी. उचलली जीभ लावली टाळ्याला! फरिदाबादहून परत येताना रस्त्यातच निकाल लागला होता.

बुधवारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मलाही. टेबलावर एक टाइप केलेला कागद. हिंदीत लिहिलेलं: माझ्या निष्काळजीपणामुळे सहा सेट खराब झाले, मी स्वखुशीने काम सोडत आहे. स्वखुशीने! भाभीला अक्षरं लावून लावून वाचता यायचं, पण तेवढा वेळ कोण देणार? सर मला म्हणाले, "तू वाचून दाखव गं."

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मैंने नहीं जलाया, साहब. एक भी नहीं जलाया." मग माझ्याकडे बघून, "मॅडम, ये लिख दिया तो इस पूरे सेक्टर में कोई लाइन पर नहीं बिठाएगा. सब एक-दूसरे से फोन पर पूछ लेते हैं."

हे खरं होतं. नवीन कामगार घ्यायचा तर आमचेच लोक आधीच्या कारखान्यात फोन लावायचे. अठरा वर्षं शिकलेला एक हात, तोच जाणार होता. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "भाभी, फॉर्मॅलिटी है, कर दो साइन." मला भीती होती. सेटवर सही माझी होती, खापर माझ्या डोक्यावरही फुटू शकलं असतं. ते दुसरीकडे फुटतंय म्हटल्यावर मला, खरं सांगते, हायसं वाटलं. तिने सही केली. साक्षरता वर्गात जाऊन दोन वर्षांपूर्वी शिकलेली, एकेक अक्षर वेगळं काढलेली. खाली साक्षीदार म्हणून माझी, झोकदार, एका फटक्यात.

त्याच दुपारी सहा सेट परत आले. सरांचा हुकूम: नवीन कपॅसिटर टाकून पाठवून दे. पहिला सेट मी टेबलावर घेतला आणि मीटर लावलं, तर रीडिंग दुप्पट! पाचशेच्या जागी हजार. मी वैतागले, "काकांनी गेन कुठे नेऊन ठेवलाय!" म्हणून तो फिरवून पुन्हा जागेवर आणला. दुसरा, तसाच. तिसरा, तसाच. मग कटऑफ मोजला: एक पूर्णांक सहा. बरोबर. कपॅसिटर काढून मोजला: दहा. बरोबर. गळती, म्हणजे आतून वीज झिरपते का ते, बघितली: नाही. पाच सेट झाले, पाचही कपॅसिटर ठणठणीत.

गुरुवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "गरम झाल्यावर बिघडत असतील." शुक्रवारी मी घरून केस वाळवायचा ड्रायर नेला आणि कपॅसिटर भाजून काढले. काही नाही. सर हसले. "बेटा, फील्डमध्ये मी मोजलंय ना? माझ्यावर विश्वास नाही?" तो हसणारा चेहरा मला अजून आठवतो आणि अजून एक चापट द्यावीशी वाटते.

सहावा सेट उरला होता. त्याला मी हात लावला नव्हता. मीटरवर हजार. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. अगं बाई, यांना गेन दुप्पट करावाच का लागला? तिथे रीडिंग निम्मं होतं म्हणून. कपॅसिटर निम्मा झाला तर कटऑफ दुप्पट होईल, कबूल. पण सावकाश सिग्नल? त्याला कपॅसिटरशी काय देणंघेणं? तो पूर्णच यायला हवा. गळका कपॅसिटर त्याला खाली ओढू शकतो, पण सहाच्या सहा गळके आणि सहाही बरोब्बर निम्म्यावर? आणि गळती तर मी मोजली होती. म्हणजे कपॅसिटर निर्दोष. पुरावा पहिल्या क्षणी समोर होता. तो काकांनी स्क्रू ड्रायव्हरने पुसला, आणि उरलेला मी, पाच सेटांवर, माझ्या हाताने.

सर जेवायला गेल्यावर मी केबिनमध्ये शिरले, कपाट उघडलं, कव्हर काढलं आणि रेकॉर्डरची पुस्तिका घेतली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात इनपुट रेझिस्टन्स: दहा हजार ओहम. आमच्या जुन्या देशी रेकॉर्डरचा होता दहा लाख.

झालं. एवढंच होतं. आमचा वाटेतला रेझिस्टर दहा हजार, आणि पुढे बसलेला पाहुणाही दहा हजार. दोघांत सिग्नल समसमान वाटला गेला, भाकरीचे दोन तुकडे करावे तसा. म्हणून रीडिंग निम्मं. आणि कपॅसिटरला आता भरायला-रिकामं व्हायला एक नाही, दोन वाटा: एक आमच्या रेझिस्टरमधून, एक रेकॉर्डरमधून. दोन दहा हजार शेजारी शेजारी म्हणजे पाच हजारच. तो दुप्पट चपळ झाला, म्हणून कटऑफ दुप्पट. गंमत अशी की नुसता लोड, म्हणजे पुढचं ओढणारं यंत्र, लावला तर पन्नासची थरथर काही वाढत नाही, होती तेवढीच राहते. फक्त खरा सिग्नल निम्मा होतो. मग सरांनी गेन दुप्पट करून सिग्नल जागेवर आणला आणि थरथरही दुप्पट करून ठेवली. जुना दहा लाखांचा पाहुणा शेकड्याला एक एवढंही खात नव्हता, म्हणून इतकी वर्षं आमचं झाकलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तर इथे चोर काचेच्या कपाटात कव्हर घालून बसला होता!

शनिवारी सकाळी मी सरांना टेबलाशी बोलावलं. सेट तोच सहावा, गेन जागेवर आणलेला, कपॅसिटर भाभीनेच लावलेला. मीटरवर पाचशे. मी दहा हजारांचा एक साधा रेझिस्टर चिमट्याने आउटपुटवर लावला. अडीचशे. काढला, पाचशे. लावला, अडीचशे. मग कटऑफ मोजून दाखवला: काढला तर एक पूर्णांक सहा, लावला तर तीन पूर्णांक दोन.

सरांनी चिमटा स्वतः एकदा काढून, पुन्हा लावून बघितला. मग म्हणाले, "हं. मध्ये बफर टाक एक." बफर म्हणजे सिग्नल तसाच पुढे देणारी पण मागून काही न ओढणारी छोटीशी चिप. उपाय बरोबर होता. माणूस हुशार होता हो, तोच तर संताप!

मी म्हटलं, "आणि भाभी?"

"तो विषय संपला."

"सर, तिने काही केलेलं नाही."

"मान्य. पण गिऱ्हाईकाला काय सांगू? मुख्य इंजिनियरने लोड बघितला नाही? सोमवारी ये म्हणावं तिला, घेऊ परत. कागद फाइलमध्ये राहू दे."

मी मूर्ख, तेवढ्यावरच खूश झाले. रविवारी गावातल्या त्या गल्लीत तिची खोली शोधत गेले. ती दारात स्वेटरचे धागे कापत बसली होती, शेजारच्या सेक्टरातल्या एक्स्पोर्टवाल्याचं काम. मी धापा टाकत सगळं सांगितलं. लोड, पाहुणा, भाकरी. म्हटलं, सिद्ध हो गया, आपकी गलती नहीं थी. कल आ जाओ.

तिने कात्री खाली ठेवली नाही. "कागज फाड़ दिया?"

"नहीं... फाइल में है."

"तो फिर क्या सिद्ध हुआ, मॅडम? कागज तो वही बोल रहा है." मग शांतपणे म्हणाली, "मैंने उस दिन पूछा था आपसे. मशीन जोड़कर देखा क्या. आपने बोला, तुम सोल्डर करो."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला तोंड वर करून बघवेना.

सोमवारी मी बसमधून उतरले ती थेट केबिनमध्ये. फाइल काढली, कागद काढला. सर दारात. "काय करतेस?"

"खोटा कागद आहे, फाडते."

"अगं, नीट विचार कर. मी तुझ्या वडिलांना काय सांगू?"

"सांगा ना! सांगा, तुमचं डिझाइन चुकलं आणि माझी टेस्ट चुकली, आणि आपण दोघांनी मिळून एका बाईला निष्काळजी ठरवलं. सांगा हे सोसायटीत सगळ्यांसमोर!" माझा आवाज लाइनपर्यंत गेला असणार, कारण बाहेरच्या दहा बायकांचे हात थांबले होते.

काका हळूच म्हणाले, "त्याच्यावर सही तुझी पण आहे."

तेवढंच एक वाक्य त्या सगळ्या आठवड्यात ते अचूक मोजून बोलले. मी त्यांच्यासमोर कागद टरकावला, तुकडे डब्याच्या पिशवीत कोंबले, आणि तशीच चालत निघाले. नोकरी त्याच दिवशी गेली. घरी आईने दोन दिवस अबोला धरला आणि वडिलांनी काकांकडे जाणं सोडलं, ते पुढे कधी सुरू झालंच नाही.

भाभी दारातच होती. मी तुकडे तिच्या पुढ्यात टाकले आणि म्हटलं, "लो, फाड़ दिया." मला वाटलं, आता ही रडेल, हात धरेल, काहीतरी म्हणेल. तिने तुकडे एकेक करून जमिनीवर लावले, उलट सुलट, पुन्हा जुळवून बघितले. कारखान्यात टाका तपासायची तसे. सगळे आहेत याची खात्री झाल्यावर त्यातला आपल्या सहीचा तुकडा उचलला, घडी करून पदराच्या गाठीत बांधला. बाकीचे चुलीत टाकले.

एक तुकडा तेवढा तिने बाजूला ठेवला होता. साक्षीदार, आणि खाली माझी झोकदार सही. तो माझ्या हातावर ठेवत म्हणाली, "ये आपका है. आप ही रखो."